आजोबांचा दाखला आणि पाचशे केबी

मुलगी बारावीला विज्ञान शाखेत होती आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी तिला जात वैधता प्रमाणपत्र लागणार होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच आम्ही बापलेक ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. आमचा प्रवर्ग इतर मागासवर्गाचा. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदीला विशेष वजन असते. त्यामुळे जोडायच्या कागदांमध्ये सर्वांत मोलाचा कागद नेमका सर्वांत जुना होता. माझ्या वडिलांना १९६२ साली गावच्या शाळेने दिलेला शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी दोन घड्या घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. कागद फुलस्केपचा, कडा तपकिरी झालेल्या, शाई फिकटलेली आणि तळाला जांभळ्या शाईचा गोल शिक्का. त्याच्याबरोबर १९९४ सालचे माझे स्वतःचे जातीचे प्रमाणपत्र होते, जे मी त्या काळच्या हौसेने लॅमिनेट करून घेतले होते, आणि मुलीच्या महाविद्यालयाचे नवेकोरे बोनाफाईड प्रमाणपत्र होते. इतर कागद सरळ होते. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही. या तिघांनी मात्र आमचे तीन आठवडे खाल्ले.

पहिल्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर, डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात, उभ्याउभ्या एकामागून एक सगळ्या कागदांचे फोटो काढले. फोनच्या पडद्यावर ते छान दिसत होते. त्या रात्रीची पहिली फसवणूक तीच होती, कारण कॅमेऱ्याने टिपलेले चित्र चार हजार बिंदू लांबीचे असते आणि तळहाताएवढ्या पडद्यावर ते आक्रसून दाखवले जाते. आक्रसलेल्या चित्रात पुसटपणाही आक्रसतो आणि अक्षरे रेखीव भासतात. अर्जाच्या पानावर प्रत्येक कागदासाठी ७५ ते ५०० केबी अशी मर्यादा लिहिलेली होती. माझा फोटो जवळपास चार एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या आठपट होता, आणि पानाने तो तत्काळ नाकारला. मग मी फाइल लहान करून देणारी एक सोय शोधली आणि ‘जितकी लहान तितकी चांगली’ असे समजून शेवटच्या टोकाला नेऊन सोडली. फाइल ६२ केबीची झाली. तीही पानाने नाकारली, कारण खालची मर्यादा ७५ची होती. पुन्हा थोडी वाढवून ९० केबीला आणली तेव्हा हिरवी खूण उमटली आणि आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडून अर्ज दाखल केला.

तीन आठवड्यांनी अर्ज त्रुटीत निघाल्याचा संदेश आला. दाखल्यातील मजकूर अस्पष्ट, प्रमाणपत्राचा काही भाग वाचता येत नाही, बोनाफाईडवर जावक क्रमांक नाही. शेवटची त्रुटी वाचून मला रागच आला. जावक क्रमांक मी स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर पाहिला होता. महाविद्यालयाच्या लिपिकाने तो माझ्यासमोर हाताने लिहिला होता.

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक सेवा केंद्र आहे. तिथे काम करणाऱ्या ताईंकडे मी सगळे मूळ कागद घेऊन गेलो, ते अर्थातच त्यांच्या स्कॅनरवर काढून घेण्याच्या इराद्याने. त्यांनी दाखला स्कॅनरच्या काचेवर ठेवून पाहिला. काच ए-फोर आकाराची आणि दाखला तिच्यापेक्षा सुमारे दोन इंच लांब. खालचा शिक्का काचेबाहेर राहत होता. वरचे झाकण दाबले असते तर घडीवर आधीच विरलेला कागद फाटण्याचाही धोका होता. ‘हा फोनवरच नीट काढा काका,’ असे सांगून त्यांनी माझी ९० केबीची फाइल त्यांच्या मोठ्या मॉनिटरवर उघडली आणि पूर्ण आकारात वाढवून दाखवली. जिथे वडिलांची जात लिहिलेली होती तिथे राखाडी चौकटींचा एक ओघळ होता, इतकेच. ‘पानाने फाइल घेतली म्हणजे फक्त तिचं वजन आणि आडनाव तपासलं,’ त्या म्हणाल्या. ‘वजन म्हणजे केबी, आडनाव म्हणजे शेवटचं जेपीजी किंवा पीडीएफ. आत काय लिहिलंय ते पुढे माणूस वाचतो.’ हिरवी खूण म्हणजे कागद स्वीकारला, अशी माझी इतके दिवस समजूत होती. ती त्या एका वाक्याने गेली.

घरी येऊन मी साधा हिशेब मांडला. दाखला सुमारे चौदा इंच लांब आहे. लहान करण्याच्या सोयीने माझे चित्र लांबीला आठशे बिंदूंवर आणले होते, म्हणजे इंचाला सत्तावन्न बिंदू उरले. शिक्क्यातील बारीक अक्षर दोन मिलिमीटर उंचीचे धरले तर त्याच्या वाट्याला उंचीत चार-पाच बिंदू येतात. इतक्या बिंदूंत काना, मात्रा आणि अनुस्वार यांची मांडणी होऊच शकत नाही. तेच चित्र लांबीला दोन हजार चारशे बिंदूंचे ठेवले तर इंचाला एकशे सत्तर बिंदू मिळतात आणि त्याच अक्षराला तेरा-चौदा. देवनागरी अक्षर ओळखू येण्यासाठी साधारण इतके तरी लागतात, असे मी नंतर वेगवेगळ्या आकारांत पाहून ठरवले. रोमन लिपीच्या कागदाला कदाचित थोडे कमी चालत असतील. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही मजकूर असतो, हे विसरून चालत नाही.

म्हणजे ५०० केबीच्या मर्यादेत जागा पुरेशी होती. मी ती वापरलीच नव्हती. परंतु मूळ फोटोच पुसट असेल तर कितीही बिंदू ठेवून उपयोग नसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी दाखल्यापासून पुन्हा आरंभ केला.

आधी जुन्या फोटोंतला पुसटपणा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहिले, कारण दोन्ही प्रकारांवरचे उपाय वेगळे आहेत. फोटो मोठा करून एका टिंबाकडे पाहायचे. टिंब सगळ्या बाजूंनी सारखेच फुगलेले असेल तर कॅमेऱ्याची नजर कागदावर ठरलेली नव्हती; टिंब एकाच दिशेला ओढल्यासारखे किंवा जोडीने दिसत असेल तर हात हलला होता. माझ्या दाखल्याच्या फोटोत प्रत्येक टिंब तिरके लांबट झालेले होते. ट्यूबलाइटचा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, पण कॅमेऱ्याला तो कमी पडतो. मग तो आपले दार जास्त वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्या वेळात उभ्या माणसाचा हात हलतोच. बोटाने बटण दाबतानाचा धक्का तर ठरलेला.

म्हणून मी जागाच बदलली. आमच्या माजघराला उत्तरेची खिडकी आहे आणि तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही. खिडकीजवळ जमिनीवर पाट ठेवला, त्यावर गडद निळी, बिननक्षीची चादर अंथरली आणि तिच्यावर दाखला ठेवला. आदल्या रात्री तो दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये दाबून ठेवला होता, त्यामुळे घड्या बऱ्याच बसल्या होत्या. इस्त्री फिरवण्याची सूचना घरातून आली होती, पण साठ वर्षांच्या ठिसूळ कागदावर आणि न जाणो कसल्या शाईवर तो प्रयोग करण्याचे धाडस मला झाले नाही. घड्या उलट्या बाजूला मोडून सरळ करण्याचा मोहही टाळला. जुना कागद तिथेच दुभंगतो.

खिडकी डाव्या हाताला येईल अशा रीतीने मी बुटक्या स्टुलावर बसलो, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवली आणि फोन कागदाच्या वर फूट-सव्वा फूट उंचीवर आडवा, जमिनीला समांतर धरला. भिंग आधी बनियनच्या मऊ कापडाने पुसले. खिशात राहून त्यावर बोटांचा तेलकट थर बसतो आणि मग सगळ्या चित्रावर धुके येते, ज्याला आपण उगाच कॅमेऱ्याचा दोष समजतो. पडद्यावर दाखल्याच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून नजर ठरवून घेतली आणि तीन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटणाचा धक्का शांत होऊन मग फोटो निघेल. याहून जवळ गेलो तर काही फोन आपण होऊन दुसऱ्या, रुंद भिंगावर उडी मारतात आणि कागदाच्या कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर फुगतात. मुलीच्या फोनवर तसेच झाले. जवळ जाण्यापेक्षा थोडे दूर राहून कागदाभोवती दोन बोटे चादर दिसू देणे चांगले.

सावलीचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा निराळा निघाला. रात्रीच्या फोटोत माझ्या फोनची आणि डोक्याची सावली कागदाच्या मध्यावर पडली होती, कारण दिवा वर, मी मध्ये आणि कागद खाली, अशी सगळी उतरंड होती. खिडकीपाशी बसल्यावर ती सावली उरली नाही, पण घड्यांची सावली उरली. प्रत्येक घडी म्हणजे कागदावरची बारीक टेकडी. उजेड तिच्यावर आडवा आला की पलीकडच्या बाजूला काळी रेघ पडते. दाखल्याच्या दोन घड्यांपैकी आडवी घडी नेमकी जातीच्या रकान्यावरून गेली होती. बराच वेळ कागद फिरवत बसल्यावर लक्षात आले की उजेडाची दिशा आणि घडीची रेघ एकाच दिशेला आणली, म्हणजे उजेड घडीच्या लांबीने वाहू दिला, तर टेकडीची सावली पडतच नाही. तशी मांडणी केल्यावर जातीच्या रकान्यावरची काळी रेघ अक्षरशः पुसली गेली. अर्थात उभी घडी त्यामुळे उजेडाला आडवी आली. तिच्यासाठी खिडकीच्या समोरच्या बाजूला, कागदापासून वीतभर अंतरावर, पांढरा थर्माकोल उभा केला. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीची बाजू उजळते. फोटोच्या दुकानात हीच युक्ती माणसांच्या चेहऱ्यांसाठी वापरलेली मी लहानपणी पाहिली होती.

कोपऱ्यांवर नाणी ठेवून कागद सपाट करण्याचा प्रयत्नही मी केला होता. त्याने कागद सपाट झाला, पण चार कोपरे नाण्यांखाली गेले, आणि वाचणाऱ्याला तिथे काही लिहिलेले होते की नाही हे कसे कळणार? एका कोपऱ्यात तर दाखल्याचा छापील अनुक्रमांकच होता. नाणी काढली. कोपरा जरासा उचललेला राहिला तरी चालतो, झाकलेला चालत नाही.

फोटो मनासारखा आल्यावर मी तो फोनमधल्या स्कॅनरच्या सोयीत घेतला, जी कागदाच्या कडा स्वतः शोधून बाकीचा भाग कापते आणि तिरका आलेला कागद काटकोनात आणते. या सोयीने पुढे मला एक मुद्दा चांगलाच शिकवला, पण तो बोनाफाईडच्या वेळी. दाखल्याच्या वेळी तिने एक वेगळाच घोळ घातला. कडा बरोबर सापडल्या, आणि मग तिने आपण होऊन ‘कृष्णधवल’ रूप निवडले. कागद शुभ्र झाला, अक्षरे काळीभोर झाली, झेरॉक्सपेक्षा सुंदर चित्र आले. माझ्या पत्नीने ते पाहून विचारले, ‘शिक्का कुठे गेला?’ खरोखरच जांभळा शिक्का नाहीसा झाला होता. उरले होते फक्त त्याच्या वर्तुळाचे तुटक तुकडे. त्या रूपात प्रत्येक बिंदूला एकच प्रश्न विचारला जातो, तू काळा की पांढरा. आणि फिकट जांभळा रंग पांढऱ्याच्या बाजूला पडतो. उलट तपकिरी डाग काळ्याच्या बाजूला पडले तर अक्षरांच्या शेजारी ठिपके उगवतात. मुख्याध्यापकांची निळी सही अर्धी उरली होती. शिक्का आणि सही नसलेल्या दाखल्याला पुरावा म्हणून काय किंमत? मी रंगीत रूपच ठेवले. कागद पिवळट दिसला, पण जुना कागद पिवळटच असतो, आणि वाचणाऱ्याला त्याचे जुनेपण दिसणे आमच्या हिताचेच होते.

लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्राची गोष्ट सावलीच्या नेमकी उलट होती. तिथे अंधार नाही, चकाकी आड येत होती. आदल्या वेळी ट्यूबलाइटची पांढरी पट्टी माझ्या नावावरून गेली होती आणि मी ते पाहून फ्लॅश लावला होता, म्हणजे एका पट्टीच्या जोडीला मध्यभागी एक पांढरा गोळा मिळाला. चकाकीत हरवलेली अक्षरे नंतर कोणत्याही सोयीने परत येत नाहीत, कारण त्या जागी कॅमेऱ्यापर्यंत अक्षर पोहोचलेलेच नसते.

लॅमिनेशन हा आरसा आहे असे समजले की उत्तर सापडते. आपण वरून सरळ खाली पाहत असू, तर त्या आरशात वरचे छत, फोन आणि आपण स्वतः दिसणार. म्हणून खोलीतले सगळे दिवे आणि पंख्याशेजारचा बल्ब बंद केला आणि उजेड फक्त बाजूच्या खिडकीतून, खालच्या कोनातून येऊ दिला. तो प्लास्टिकवर आपटून समोरच्या भिंतीकडे जातो, वर कॅमेऱ्याकडे येत नाही. तरीही चित्रावर एक दुधी पडदा राहिला. खूप वेळाने ध्यानात आले की तो माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा होता. मुलगी हसून लोटपोट झाली, पण काळी शाल पांघरून काढलेला पुढचा फोटो स्वच्छ आला. एका कोपऱ्यात लॅमिनेशनखाली हवेचा फुगा होता आणि त्याच्यावर काही केल्या एक चमकता ठिपका राहत होता. प्रमाणपत्राची ती बाजू खाली पेन्सिल सरकवून किंचित उचलली तेव्हा ठिपका अक्षरांवरून रिकाम्या जागेत सरकला. कागद थोडा तिरका झाला, पण तितका तिरकेपणा स्कॅनरची सोय सुधारून घेते. तिरकेपणा जास्त झाला तर मात्र लांबची कड जवळच्या कडेपेक्षा पुसट राहते, आणि सरळ केल्यानंतर ती ताणलेली दिसते.

प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या कागदांना हा सगळा खटाटोप करू नये. पाकिटातून कागद बाहेर काढावा. हे सांगण्यासारखे नाही असे वाटेल, पण पहिल्या रात्री मी दोन कागद पाकिटासकट काढले होते.

आता बोनाफाईड. हा कागद नवा, सपाट, छापील, आणि तरीही त्रुटी त्याच्यावर सर्वांत ठळक आली होती. मी माझी जुनी फाइल आणि मूळ कागद शेजारीशेजारी ठेवले आणि मग सगळा उलगडा झाला. प्रमाणपत्राला चारही बाजूंनी जाड निळी, वेलबुट्टीची छापील चौकट होती, आणि लिपिकाने जावक क्रमांक व दिनांक चौकटीच्या बाहेर, वरच्या समासात लिहिला होता. पहिल्या रात्री टेबलाचा पृष्ठभाग पांढऱ्या सनमायकाचा होता. पांढऱ्यावर पांढरा कागद. स्कॅनरच्या सोयीला कागदाची कड दिसलीच नाही, तिला दिसली ती निळी चौकट, आणि तिने चौकट हीच कड समजून बाहेरचा समास कापून टाकला. उरलेले चित्र इतके नेटके होते की काही गेले आहे अशी शंकाही येऊ नये. कोपरा तुटला तर डोळ्याला खुपतो; चौकटीवर कापलेला कागद पूर्णच वाटतो. जावक क्रमांक नाही असे लिहिणाऱ्या माणसाची काहीच चूक नव्हती.

निळ्या चादरीवर तोच कागद ठेवल्यावर सोयीने कागदाची खरी कड पकडली. तरीही खात्रीसाठी मी आपोआप फोटो काढण्याचा पर्याय बंद ठेवला आणि कापण्याआधी पडद्यावर दिसणारे चार कोपऱ्यांचे गोल ठिपके एकेक करून स्वतः ओढून कागदाच्या थोडे बाहेर, चादरीवर नेऊन ठेवले. त्यामुळे चित्राच्या चारी बाजूंना निळी बारीक किनार राहते. ती दिसायला बरी दिसत नाही हे खरे, पण कागद संपूर्ण आहे याची तीच साक्ष असते. ज्यांच्याकडे पांढऱ्याखेरीज काही नसेल त्यांनी जुन्या फायलीचे तपकिरी पुठ्ठे वापरावेत. उलट गडद रंगाच्या कागदाला खाली फिकट चादर लागेल.

तिन्ही फोटो हाती आल्यावर त्यांना मर्यादेत बसवण्याचे काम राहिले, आणि इथे पहिल्या रात्रीचा क्रम उलटा केला. फाइलचे वजन दोन गोष्टींवर ठरते: चित्रात बिंदू किती आहेत, आणि ते साठवताना किती दाबले आहेत. पहिल्या रात्री सोयीने दोन्ही हवे तसे घटवले होते. या वेळी आधी चित्राची लांबी चार हजारावरून दोन हजार चारशे बिंदूंवर आणली, फाइल लहान झाली आणि अक्षरांना धक्का लागला नाही. मग गुणवत्तेचा सरकता काटा शंभरावरून हळूहळू खाली आणत प्रत्येक वेळी शिक्क्यातले अक्षर मोठे करून पाहिले. सत्तरच्या आसपास दाखला ४४० केबीचा झाला आणि शाळेचे नाव अजून वाचता येत होते. पन्नासच्या खाली अक्षरांच्या कडेने धुळीसारखे ठिपके जमू लागले, म्हणून तिथपर्यंत गेलो नाही. प्रत्येक प्रयत्न मूळ फोटोपासून केला. आधीच दाबलेली फाइल पुन्हा दाबली तर प्रत्येक वेळी थोडे आणखी हरवते आणि शेवटी वजन तेच राहून चित्र मात्र खराब होते. फोनवरून संगणकावर फोटो नेण्यासाठी मी आधी व्हॉट्सअ‍ॅप वापरले होते, तिथेही तोच तोटा होतो, कारण फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत दाबले जाते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की जसेच्या तसे पोहोचते. आकार घटवण्याचे काम मी फोनमधल्याच चित्र संपादनाच्या अ‍ॅपमध्ये केले. जातीचा दाखला आणि आधार कार्ड अनोळखी संकेतस्थळावर चढवून लहान करून घेण्याची पहिल्या रात्रीची चूक पुन्हा करायची नव्हती.

मेहुण्याने त्याच्या आयफोनवर काढून पाठवलेला एक कागद पानाने वजन बरोबर असूनही नाकारला. त्या फाइलचे आडनाव `.heic` होते. त्याने ते नुसते बदलून `.jpg` केले, तरी ती फाइल चढेना, कारण नाव बदलल्याने आतली रचना बदलत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘Formats’ खाली ‘Most Compatible’ निवडून त्याने पुन्हा फोटो काढला तेव्हा काम झाले.

अर्ज पुन्हा दाखल करण्याआधी या वेळी आणखी एक गोष्ट केली, जी खरे तर पहिल्या वेळीच करायची होती. चढवलेली प्रत्येक फाइल अर्जाच्या पानावरूनच परत उघडून पाहिली, फोनवर न पाहता संगणकाच्या पडद्यावर, पूर्ण आकारात. बोनाफाईड तिथे आडवे पडलेले होते! फोनमध्ये ते उभे दिसत होते, कारण फोन चित्र फिरवत नाही, ‘हे उभे दाखवा’ अशी एक चिठ्ठी फाइलीत ठेवतो. अर्जाच्या पानाला ती चिठ्ठी वाचता येत नव्हती. संपादनात जाऊन चित्र एकदा पूर्ण फिरवून, पुन्हा सरळ करून जतन केल्यावर ते उभे राहिले. मग प्रत्येक कागदावरचे चार कोपरे पाहिले, शिक्क्यातले सर्वांत बारीक अक्षर पाहिले, आणि जिथे इंग्रजी 3 व 8 किंवा मराठी १ व ९ यांत गल्लत होऊ शकते असे सगळे क्रमांक मुलीने पडद्यावरून मोठ्याने वाचले व मी ते मूळ कागदावर पडताळले. दाखल्याचा रजिस्टर क्रमांक तिने पहिल्यांदा 318 असा वाचला आणि मूळ कागदावर 313 होता. मोठे करून पाहिल्यावर शेवटच्या आकड्यावर एक बारीक डाग आढळला. तो शाईचा नव्हता, फोटो काढताना कागदावर बसलेल्या धुळीच्या कणाचा होता. कागद हलकेच झटकून दाखल्याचा फोटो पुन्हा काढावा लागला आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजण्याची वाट पाहावी लागली.

महिन्याभराने मूळ कागद घेऊन बोलावणे आले. टेबलापलीकडच्या बाईंनी पडद्यावरचा दाखला मोठा केला, मी दिलेला मूळ दाखला त्याच्याशेजारी धरला आणि बोट ठेवत एकेक रकाना जुळवला. रजिस्टर क्रमांकापाशी त्या थांबल्या, पुन्हा कागदाकडे पाहिले, ‘तीनशे तेरा’ असे पुटपुटल्या आणि पुढच्या रकान्याकडे गेल्या. मग निळ्या किनारीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, ‘हे काय आहे?’ मी म्हणालो, ‘आमची चादर.’